पोटॅशियम वाढलं की ठोके वाढतात की कमी होतात? दर वर्षी चुकणारा एक प्रश्न

"पेशीबाहेरचं पोटॅशियम ४ वरून ७.५ मिलिमोल प्रति लिटर झालं. हृदयाच्या ठोक्यांवर काय परिणाम होईल? कारण लिहा."

रत्नागिरीत वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाच्या मुलांची संध्याकाळची शिकवणी घेतो, तिथे हा प्रश्न मी दर वर्षी देतो आणि दर वर्षी बहुतेक वह्यांत एकच चुकीचं उत्तर येतं. ते साधारण असं असतं: पोटॅशियम वाढलं, म्हणून रेस्टिंग पोटेन्शिअल कमी ऋण झालं. ते थ्रेशोल्डच्या जवळ आलं, म्हणून पेशी लवकर पेटणार. म्हणून ठोके वाढणार.

वाचायला अगदी चोख. पहिली दोन वाक्यं तर खरीच आहेत, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं टिकून आहे. पाठांतर न करता विचार करणारी मुलंच यात अडकतात. यंदा देवगडची एक मुलगी वही घेऊन भांडायलाच आली. "सर, थ्रेशोल्ड जवळ इलो, मगे रेट वाढाकच व्हयो ना? मार्क कित्याक कापलास?" तिचा मुद्दा मला पटण्यासारखा होता, कारण माझ्या तोंडी परीक्षेत मीही हेच उत्तर दिलं होतं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नुसतं "कुठल्या पेशीत?" एवढं विचारून मला गप्प केलं होतं.

तर हे उत्तर नेमकं कुठे घसरतं ते बघू.

वहीतली खूण

तिची वही उघडली तर एका पानावर एकच आलेख. खाली ऋण ९० मिलिव्होल्टला सपाट रेघ, मग उभी चढण, छोटा खड्डा, लांब पठार आणि उतार. फेज ०, १, २, ३, ४ असे आकडे नीट घातलेले. वर मथळा: "कार्डिअ‍ॅक अ‍ॅक्शन पोटेन्शिअल". पुढच्या पानावर पेसमेकरबद्दल चार ओळी, पण आकृती नाही.

मूळ दोष हाच. ठोके किती पडणार याचा प्रश्न आला की ती डोक्यात व्हेंट्रिकलचा आलेख उघडते, कारण तिच्याकडे तेवढाच आहे. पण व्हेंट्रिकलची पेशी ठोका ठरवत नाही. ती ठोका मिळाल्यावर आकुंचन पावते. ठोका ठरवतो सायनस नोड, आणि त्याचा आलेख वेगळा असतो. तुमच्याही वहीत एकच आकृती असेल तर पुढे वाचण्याआधी दुसरी काढा, त्याच पानावर, त्याच मिलिव्होल्टच्या पट्टीवर. शेजारी शेजारी आल्याशिवाय फरक डोळ्यांत भरत नाही.

सायनस नोडची रेघ खाली साधारण ऋण ६० पर्यंतच जाते, ऋण ९० पर्यंत पोचतच नाही. आणि तिथे ती थांबतही नाही. पोचली की लगेच हळूहळू वर सरकू लागते. हाच फेज ४, म्हणजेच पेसमेकर पोटेन्शिअल. ऋण ४० च्या आसपास थ्रेशोल्ड लागतो आणि मग फेज ० सुरू होतो. पण हा फेज ० आळशी असतो, कारण तो एल-टाइप कॅल्शियम चॅनेलांवर चालतो. व्हेंट्रिकलमधला सोडियमचा झपाटा इथे नाही. फेज १ नाही, फेज २ चं पठार जवळजवळ नाही. थेट फेज ३, पोटॅशियम बाहेर, आणि पुन्हा ऋण ६०.

म्हणून "सायनस नोडचं रेस्टिंग पोटेन्शिअल किती?" या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर "नाही" असं आहे. ती पेशी विसावत नाही. फेज ३ च्या शेवटी जो सगळ्यात खालचा आकडा असतो त्याला मॅक्सिमम डायस्टोलिक पोटेन्शिअल म्हणतात. उत्तरपत्रिकेत तोच शब्द वापरा.

नांगर आणि उघाडी

वर्गात मी हे होडीवरून सांगतो. व्हेंट्रिकलची पेशी म्हणजे नांगर टाकलेली होडी. तिचा नांगर म्हणजे आयके-वन या नावाचे पोटॅशियम चॅनेल. विसाव्याच्या वेळी ते उघडे असतात, त्यामुळे पेशीचं पोटेन्शिअल पोटॅशियमच्या समतोल पोटेन्शिअलपाशी खिळून राहतं. बाहेरचं पोटॅशियम बदललं की नांगर जिथे रुतला ती जागा सरकते, आणि होडी तिच्यामागे जाते.

सायनस नोडच्या पेशीत हे आयके-वन जवळपास नसतंच. ती होडी नांगराविना आहे, म्हणून ती वाहते. वाहते म्हणूनच तर ती पेसमेकर आहे. नांगर असता तर फेज ४ सपाट झाला असता आणि तीही कोणाच्या तरी हुकमाची वाट बघत बसली असती.

आता ती वर का वाहते? सुरुवातीला फेज ३ मधले पोटॅशियम चॅनेल हळूहळू मिटत जातात, म्हणजे खाली ओढणारा हात सैल होतो. त्याच वेळी एक विचित्र प्रवाह सुरू होतो, ज्याला खरोखरच "फनी करंट" म्हणतात. बहुतेक चॅनेल पोटेन्शिअल वर गेलं की उघडतात, हा खाली गेलं की उघडतो. खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते ती आठवा. बाहेर ओहोटी लागली, पाणी खाली गेलं की झडप आपोआप उघडते, भरती आली की मिटते. कोणी माणूस लागत नाही. फनी चॅनेलची झडप तशी आहे: पातळी उतरली की उघड. (उपमा एवढ्यापुरतीच. उघाडीतून पाणी बाहेर जातं, इथे मुख्यतः सोडियम आत येतं.) सोडियम आत आलं की रेघ वर सरकते. शेवटच्या टप्प्यात टी-टाइप कॅल्शियम चॅनेल आणि पेशीच्या आतून सुटणारं थोडं कॅल्शियम हातभार लावतं, आणि थ्रेशोल्ड गाठला जातो.

या बाबतीत गोंधळ फक्त विद्यार्थ्यांचाच झाला असं नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी पर्किन्जे तंतूंमधला पेसमेकर प्रवाह हा मिटत जाणारा पोटॅशियमचा प्रवाह आहे असं मानलं गेलं होतं. १९७९ साली ब्राऊन, डिफ्रान्चेस्को आणि नोबल यांनी सायनस नोडमध्ये फनी करंट दाखवला, आणि १९८१ मध्ये डिफ्रान्चेस्को यांनी पर्किन्जेमधला तो "पोटॅशियम प्रवाह"देखील खरं तर हाच, आत येणारा, आहे हे दाखवलं. बाहेर जाणारा कमी होणं आणि आत येणारा वाढणं, दोन्ही आलेखावर सारखेच दिसतात. जाणत्यांची जिथे दहाएक वर्षं गेली तिथे तुमची दोन संध्याकाळ जाणं क्षम्य आहे.

ठोके ठरवणाऱ्या तीन गोष्टी, आणि थोडं गणित

फेज ४ ची रेघ म्हणजे एक चढण समजा. ती चढायला किती वेळ लागेल हे तीनच गोष्टींवर अवलंबून: सुरुवात किती खालून, शेवट किती वर, आणि चढ किती तीव्र. बस. ठोक्यांचा कुठलाही प्रश्न या तीनपैकी कशात तरी बसवायचा. आयनाचं नाव बघून उत्तराकडे उडी मारली की घसरलात.

आकडे घालून बघू. सोपे आकडे घेतोय, प्रत्यक्षात चढ इतका सरळ नसतो. सुरुवात ऋण ६०, थ्रेशोल्ड ऋण ४०, म्हणजे २० मिलिव्होल्ट चढायचे. हे चढायला ६०० मिलिसेकंद लागले आणि बाकी अ‍ॅक्शन पोटेन्शिअलला २०० लागले, तर एक फेरी ८०० मिलिसेकंदांची. एका मिनिटात ६०,००० मिलिसेकंद, भागिले ८००: ठोके ७५. चढाचा वेग सेकंदाला सुमारे ३३ मिलिव्होल्ट.

आता सिम्पथेटिकने चढ तीव्र केला, वेग ५० झाला. तेच २० मिलिव्होल्ट ४०० मिलिसेकंदांत. फेरी ६०० ची, ठोके १००.

उलट व्हेगस चालू झाली. अ‍ॅसिटिलकोलीनने वेगळे पोटॅशियम चॅनेल उघडले, सुरुवात ऋण ६५ वर गेली आणि चढाचा वेग २५ वर आला. आता २५ मिलिव्होल्ट, वेग २५, म्हणजे १००० मिलिसेकंद. फेरी १२०० ची, ठोके ५०.

इथे एक गोष्ट मुद्दाम करून बघा. फक्त सुरुवात ऋण ६५ करा आणि वेग ३३ च ठेवा. चढायला ७५० मिलिसेकंद, फेरी ९५०, ठोके ६३. म्हणजे ७५ वरून ५० वर येण्यात सुरुवातीची जागा निम्म्याहून कमी कामाला आली, उरलेलं काम चढाने केलं. मुलं सुरुवातीची जागा बघून उत्तर लिहितात आणि चढाकडे बघतच नाहीत. देवगडच्या मुलीचं पोटॅशियमचं उत्तर नेमकं याच जागी फसलं होतं.

आता पोटॅशियम: आधी व्हेंट्रिकल

समतोल पोटेन्शिअलचं सूत्र शरीराच्या तापमानाला असं:

```
E_K = 61.5 × log10([K]o / [K]i)
```

पेशीच्या आत १५० धरू. बाहेर ४ असताना उत्तर ऋण ९७ च्या जवळ येतं. बाहेर ७.५ झालं की भागाकार ०.०५, आणि उत्तर बरोबर ऋण ८०. नांगर सुमारे १७ मिलिव्होल्ट वर सरकला. व्हेंट्रिकलची होडीही जवळजवळ तेवढीच वर सरकते.

इथपर्यंत मुलांचं उत्तर बरोबर आहे: रेस्टिंग पोटेन्शिअल थ्रेशोल्डच्या जवळ आलं. थोडंसं वाढलेल्या पोटॅशियमला व्हेंट्रिकल खरंच जरा जास्त चिडखोर होतं. पण दोन गोष्टी सुटतात.

पहिली: चिडखोर होणं म्हणजे ठोका वाढणं नव्हे. व्हेंट्रिकलच्या फेज ४ ला चढच नाही. सपाट रेघ थ्रेशोल्डच्या कितीही जवळ नेली तरी ती सपाटच राहते, आपणहून थ्रेशोल्ड गाठत नाही. वरून इशारा आला तरच पेटते.

दुसरी: सोडियम चॅनेलला दोन दारं असतात. उघडण्याचं एक, आणि पेटल्यावर बंद होणारं दुसरं, इनअ‍ॅक्टिव्हेशनचं. हे दुसरं दार पुन्हा उघडायला पोटेन्शिअल पुरेसं ऋण व्हावं लागतं. पेशी सतत ऋण ८० किंवा ७० ला अडकून राहिली की बरेच सोडियम चॅनेल दुसरं दार मिटलेल्या अवस्थेतच पडून राहतात. मग फेज ० ची चढण मंद होते, आणि ती मंद झाली की एका पेशीकडून दुसरीकडे जाणारा इशाराही रेंगाळतो. ईसीजीवर हेच रुंद क्यूआरएस म्हणून दिसतं. थ्रेशोल्डच्या जवळ नेता नेता आपण पेटवायची काडीच ओली केली.

मग सायनस नोड

नोडमध्ये नांगर नसल्याने ७.५ पोटॅशियमने सुरुवातीची जागा १७ मिलिव्होल्ट सरकत नाही, थोडीच वर येते. हा थोडा फरक ठोके वाढवण्याच्या बाजूने आहे, हे मान्य. पण त्याच वेळी बाहेरचं पोटॅशियम वाढलं की पोटॅशियम चॅनेलांची वाहकता वाढते. हे मुलांना पटत नाही, कारण त्यांच्या डोक्यात फक्त ढाळ असतो: बाहेर जास्त पोटॅशियम म्हणजे आतलं बाहेर जायला ओढ कमी. ओढ कमी होते हे खरं, पण आयके-आर सारख्या चॅनेलांचं दार जास्त मोकळं होतं, आणि बऱ्याच वेळा दाराचा परिणाम ओढीवर मात करतो. चढण चढणाऱ्याला मागून ओढणारा हात घट्ट राहतो. चढ मंदावतो.

दोन परिणाम एकमेकांविरुद्ध असल्याने थोड्याफार वाढीला सायनस नोड बराच सहन करतो. म्हणून परीक्षेत "५.५ झालं तर" असं विचारलं आणि पर्यायांत "फारसा फरक नाही" असेल, तर घाबरू नका. पोटॅशियम बरंच वाढलं की मात्र मंदावण्याची बाजू जिंकते, इशारा पोचण्यातही अडथळे येतात, आणि शेवटी हृदय सैल अवस्थेत, डायस्टोलमध्ये थांबतं.

उत्तर उलट तर लिहिलं नाही ना, हे तपासायला एक गोष्ट लक्षात ठेवा. हृदयाची शस्त्रक्रिया करताना हृदय थांबवायला जे कार्डिओप्लेजियाचं द्रावण देतात त्यात पोटॅशियम मुद्दाम जास्त असतं, प्रचलित सूत्रांपैकी एकात लिटरला १६ मिलिमोल. पोटॅशियमने ठोके वाढत असते तर सर्जनने ते थांबवायला वापरलं असतं का?

एक रुग्ण, पूर्ण सोडवून

ही मी वर्गात देतो ती केस, आकड्यांसकट माझीच बनवलेली. मे महिना. साठीचे गृहस्थ, मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. घरी लग्न होतं म्हणून एक पाळी चुकवली. उकाडा सोसवेना म्हणून दोन दिवसांत सहा शहाळी प्यायले. शहाळं पाणीच आहे, काय होणार? पण शहाळ्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरला साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, थोडं इकडे तिकडे. एका शहाळ्यात ३०० मिलिलिटर धरलं तर ७५० मिलिग्रॅम, म्हणजे १९ मिलिमोल. ज्याची मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकत नाहीत त्याच्यासाठी सहा शहाळी हा थट्टेचा विषय नाही. (आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना हमखास शहाळं नेतात. किडनीच्या रुग्णाकडे नेऊ नका.)

रक्तात पोटॅशियम ७.५. ईसीजीवर टी लहर उंच आणि टोकदार, पी लहर जवळजवळ दिसत नाही, क्यूआरएस रुंद, ठोके ४८. प्रश्न: प्रत्येक बदल कुठल्या पेशीतल्या कुठल्या फेजमुळे?

उंच टी म्हणजे व्हेंट्रिकलचा फेज ३. वर म्हटल्याप्रमाणे चॅनेल जास्त मोकळे झाले, रिपोलरायझेशन झपाट्याने झालं, म्हणून लहर अरुंद आणि टोकदार. रुंद क्यूआरएस म्हणजे व्हेंट्रिकलचा फेज ०, सोडियम चॅनेल अडकलेले. पी लहर दिसत नाही कारण एट्रियमच्या पेशी पोटॅशियमला सगळ्यात आधी दमतात. इथे एक गंमत आहे: पी दिसली नाही म्हणून सायनस नोड बंद आहे असं म्हणता येत नाही. नोड चालू असू शकतो आणि त्याचा इशारा एट्रियमच्या आतल्या खास वाटांनी एव्ही नोडपर्यंत जाऊ शकतो, फक्त एट्रियम स्वतः गप्प असतं. आणि ठोके ४८ हे नोडच्या फेज ४ चा चढ मंदावल्याने आणि वहन अडखळल्याने.

पुढचा प्रश्न: यांना शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट का देतात? इथे पुन्हा बरीच मुलं लिहितात, "पोटॅशियम कमी करायला." कॅल्शियमने पोटॅशियम एका मिलिमोलनेही कमी होत नाही. कॅल्शियम पेशीच्या पडद्याच्या बाहेरच्या बाजूला सोडियम चॅनेलांजवळचे ऋणभार झाकतं, त्यामुळे चॅनेलला पेटायला जास्त वरचं पोटेन्शिअल लागतं आणि मिटलेल्या दारांपैकी काही पुन्हा कामाला येतात. रेस्टिंग वर सरकलं होतं, आता थ्रेशोल्डही वर सरकला, दोघांतलं अंतर परत आलं. पोटॅशियम पेशीत ढकलायला इन्शुलिन आणि ग्लुकोज द्यावं लागतं, आणि शरीराबाहेर काढायला डायलिसिस. कॅल्शियम फक्त तोवर वेळ काढून देतं.

एक इशारा. खऱ्या रुग्णात ठोके नेमके ४८ येतीलच असं नाही. भीती, वेदना, कमी रक्तदाब यांनी सिम्पथेटिक चालू होऊन ठोके बरे दिसू शकतात. शुद्ध उत्तर कागदावर मिळतं, खाटेवर मिळेलच असं नाही.

कॅल्शियम आणि सोडियमचं थोडक्यात

रक्तातल्या सोडियमचा ठोक्यांवर परिणाम विचारला तर उत्तर छोटंच असतं, आणि का ते त्याच सूत्रात दिसतं. सोडियम १४० वरून १२० झालं, रुग्ण गोंधळलेला, डॉक्टर चिंतेत, तरी सोडियमचं समतोल पोटेन्शिअल जेमतेम ४ मिलिव्होल्टने बदललं. पोटॅशियम बाहेर मुळातच चिमूटभर, म्हणून तिथे साडेतीन मिलिमोलनी १७ मिलिव्होल्ट हलले. सूत्रात वजाबाकी नाही, भागाकार आहे.

कॅल्शियमचा प्रश्न बहुधा ठोक्यांपेक्षा आकुंचनाच्या जोराचा आणि फेज २ चा असतो. कॅल्शियम वाढलं की पठार आखूड, क्यूटी आखूड, कमी झालं की दोन्ही लांब. बेडकाच्या हृदयाच्या आलेखात कॅल्शियम फार वाढवलं की हृदय आवळून, सिस्टोलमध्ये थांबतं. पोटॅशियमच्या बरोबर उलट. कॅल्शियमवाचून तर हृदय आकुंचनच पावत नाही, हे सिडनी रिंगर यांना अपघातानेच उमगलं. १८८२ च्या प्रयोगांत त्यांच्या द्रावणात बेडकाचं हृदय छान चालत होतं, पण नंतर कळलं की शुद्ध पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरलं गेलं होतं आणि त्यात कॅल्शियम होतं. १८८३ मध्ये त्यांनी ते दुरुस्त करून छापलं.

दोन्ही आलेख डोक्यात पक्के बसले का हे बघायला औषधांचे प्रश्न उत्तम. व्हेरापामिलने कॅल्शियम चॅनेल अडवले तर नोडमध्ये फेज ० मंदावतो आणि ठोके कमी होतात, व्हेंट्रिकलमध्ये मात्र फेज २ दबतो. टेट्रोडोटॉक्सिनने सोडियम चॅनेल अडवले तर व्हेंट्रिकलचा फेज ० कोसळतो, नोडच्या फेज ० चं फारसं बिघडत नाही. इव्हाब्रॅडिन फक्त फनी करंट अडवतं, म्हणून ठोके कमी होतात आणि आकुंचनाचा जोर तसाच राहतो. तिन्ही उत्तरं न अडखळता आली तर पोटॅशियमच्या प्रश्नात पुन्हा फसायची शक्यता कमी.

एक शंका, जी मलाही सुचली नव्हती

हे सगळं सांगून झाल्यावर ती मुलगी वही मिटायला तयार होईना. म्हणाली, "सर, अ‍ॅसिटिलकोलीनने रेघ खाली जाते आणि ठोके कमी. पोटॅशियम वाढल्याने रेघ वर येते आणि तरी ठोके कमीच. एक वर, एक खाली, उत्तर एकच कसं?"

मी फळ्याकडे वळलो आणि थोडा वेळ खडू हातातच राहिला. मग दोन्ही रेघा एकाखाली एक काढल्या. एकीची सुरुवात खाली, दुसरीची जरा वर. दोन्हींचा चढ मात्र मंद. व्हेगसने नवे पोटॅशियम चॅनेल उघडले, बाहेरच्या पोटॅशियमने असलेलेच जास्त मोकळे केले. दोन्हीकडे पोटॅशियमची वाहकता वाढली, आणि वाहकता वाढली की रेघेला स्वतःहून वर सरकणं जड जातं, ती कुठूनही निघो.

तिने खोडरबराने आपलं जुनं उत्तर पुसलं, पण अर्धंच. "थ्रेशोल्डच्या जवळ येतं" हे वाक्य तसंच ठेवलं, त्यापुढे कंसात "व्हेंट्रिकलमध्ये" लिहिलं, आणि खाली नोडची आकृती काढायला घेतली. ऋण ६० पासून.